एकोणिसावा मिलिसेकंद

“बॅग फुगली की! आणखी काय हवं?”

हे वाक्य मॅनेजरने सकाळपासून चौथ्यांदा उच्चारले, आणि चौथ्यांदाही ते खरेच होते. मीटरताईच्या संतापाचे मूळ नेमके तिथे होते. खोटे बोलणाऱ्या माणसाला खोटे पाडता येते. अर्धे खरे बोलणाऱ्याच्या नाकाला मात्र चिमटा घ्यायला जागाच सापडत नाही.

वर्कशॉपच्या मागच्या आवारात पांढरी गाडी उभी होती. चालकाच्या बाजूचे दार आत दबून परातीसारखे झाले होते. सीटच्या कडेतून फुटून बाहेर आलेली एअरबॅग आता रिकाम्या उशीच्या अभ्र्यासारखी लोंबत होती आणि छताच्या कडेतून सुटलेला दुसऱ्या बॅगेचा लांब पडदा खिडकीवर पसरला होता. चार दिवसांपूर्वी चौकात सिग्नल तोडून आलेल्या एका टेम्पोने ही गाडी थेट दारावर ठोकली होती. गाडी चालवत होती मीटरताईची वहिनी. तिच्या चार बरगड्या मोडल्या होत्या, एका बरगडीने फुप्फुसाला भोक पाडले होते आणि कमरेच्या हाडाला तडा गेला होता. वहिनी पोहणे शिकवत असे. लहान मुलांना पाण्यात श्वास कसा धरावा आणि कसा सोडावा, हे सांगण्यात तिची वीस वर्षे गेली होती. सध्या तिला एक श्वास घेण्याआधी विचार करावा लागत होता.

मीटरताईला हे नाव वर्कशॉपने दिले होते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती गाड्यांच्या वायरींत शिरली, त्याला एकोणीस वर्षे झाली. इलेक्ट्रिकल विभागाची ती प्रमुख. “मीटर लावा, मग बोला,” हे तिचे ब्रीद. कोणी “मला वाटतं” म्हणाले की ती विचारी, “वाटतं म्हणजे किती व्होल्ट?” लोक हसत, पण मीटर लावत.

आज मीटर लावणारा दुसराच होता. गाडी बनवणाऱ्या कंपनीने पाठवलेला निरीक्षक, इस्त्रीच्या घडीसकट शर्ट घालून, पुढच्या दोन सीटांमध्ये उकिडवा बसला होता. तिथे, गिअरच्या खाली, एअरबॅगचा मुख्य संगणक बोल्टांनी गाडीच्या तळाला घट्ट आवळलेला असतो. अपघाताच्या क्षणी कोणत्या सेन्सरने काय पाहिले आणि कोणती बॅग केव्हा उडवली, हे तो स्वतःच्या पोटात लिहून ठेवतो. निरीक्षकाने लॅपटॉप जोडला, नोंद उतरवून घेतली आणि कागद मॅनेजरच्या हाती दिला.

“सिस्टीम नॉर्मल. आदेश दिला, बॅग उघडली. इजा झाली ती... बसण्याच्या पद्धतीमुळे असणार. चालक दाराकडे झुकून बसली असावी.”

“असावी?” मीटरताई म्हणाली. “कोणत्या सेन्सरने सांगितलं?”

“मॅडम, अनुभव असतो.”

“अनुभवाचं युनिट काय?”

मॅनेजर घाईने मध्ये पडला. “ताई, घरचं माणूस आहे, समजू शकतो. पण साहेबांशी असं नको ना बोलायला.”

तिने मॅनेजरच्या हातातला कागद घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा ओढला. नजर एका ओळीवर गेली आणि तिथेच अडकली. बाजूची बॅग, चालक: आदेशाची वेळ, १९ मिलिसेकंद.

“एकोणीस,” ती म्हणाली.

“सेकंदाचा हजारावा भाग असतो हा, साहेब,” मॅनेजर निरीक्षकाकडे पाहून कौतुकाने म्हणाला. “एकोणीस म्हणजे पापणी लवायच्या आत!”

“पापणी लवायला दीडशे लागतात. एका पापणीत हा सगळा खेळ सात वेळा संपतो.” तिने खिशातून खडू काढला आणि आवाराच्या काँक्रीटवर दोन समांतर रेघा मारल्या. “ही दाराची आतली बाजू. ही माणसाची बरगडी. मध्ये किती जागा? माझा पंजा आडवा मावतो, थोडा जास्त. समोरून धडक बसली तर पुढे इंजिन आहे, बॉनेट आहे, मीटरभर लोखंड चुरगळायला मिळतं. म्हणून समोरच्या बॅगेचा निर्णय पंधरा, वीस, कधी तीस मिलिसेकंदांत झाला तरी चालतो. बाजूला काय आहे? दाराचा पत्रा आणि ही टीचभर हवा. त्यामुळे बाजूच्या बॅगेला निर्णय घ्यायला पाच ते आठ. पुढच्या दहाएक मिलिसेकंदांत ती भरलेली हवी. कोंडलेला गॅस असतो डब्यात, ठिणगी पडली की झाकण फुटतं आणि पिशवी भरते. याच गाडीच्या चाचणीच्या कागदांत सात लिहिलंय. सात आणि एकोणीस. बारा मिलिसेकंद गेले कुठे?”

“कोन तिरका असेल,” निरीक्षक म्हणाला. आता त्याचा आवाज थोडा उतरला होता. “दोन दारांमधल्या खांबावरच्या सेन्सरला धक्का उशिरा पोहोचला असेल.”

हे अगदीच अशक्य नव्हते. खडूने तिने दाराच्या रेघेपासून बाण काढला. दार आत येण्याचा वेग सेकंदाला नऊ मीटर धरला, तर बारा मिलिसेकंदांत ते अकरा सेंटिमीटर आत येते. बाण बरगडीच्या रेघेला जाऊन टेकला. बॅग फुगली होती, यात शंका नाही. जागाच उरली नव्हती तिथे फुगली होती. पाहुणे जेवून हात धुऊन गेल्यावर पानं मांडावीत, तशी.

“अहवाल आज संध्याकाळी जाईल,” निरीक्षकाने लॅपटॉप मिटला.

“बॅग फुगली की,” मॅनेजर पाचव्यांदा म्हणाला.

*

दुपारी चारला भेटीची वेळ होती. दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, खोलीबाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसला होता. चव्वेचाळीस वर्षांच्या बहिणीला तो अजून चिमणी म्हणत असे.

“चिमणे, ते तुमचे कंपनीवाले येऊन गेले. फार सभ्य माणूस. म्हणाला, गाडी चांगली म्हणून जीव वाचला.”

“आणखी काय म्हणाला?”

“विचारत होता, बाई सरळ बसतात का. एका कागदावर हिची सही घेतली.”

मीटरताई आत गेली. वहिनी उशांच्या उतरंडीत टेकून बसली होती, बरगड्यांमधून एक नळी खालच्या बाटलीत उतरली होती. वहिनीने तिला पाहून भुवई उडवली. लग्नाला वीस वर्षे झाली तरी ती तिला ‘वन्सं’ म्हणे, तेही मुद्दाम, जुन्या काळच्या नणंदेला हाक मारावी तसे ताणून.

“या वन्सं. मीटर आणलंत? लावा... मला. बघा किती... उरलंय.”

“बोलू नकोस. कसल्या कागदावर सही केलीस?”

“मी झुकून... बसले होते म्हणे.”

“बसली होतीस?”

वहिनी बाटलीतल्या बुडबुड्यांकडे पाहत राहिली. एक बुडबुडा वर आला, मग दुसरा. “आठवत नाही हो. पण बॅग उघडली ना? बॅग उघडली आणि... तरी लागलं. म्हणजे मीच... वाकडी असणार.” ती थांबली, श्वासाची जुळवाजुळव केली. “पोरांना ओरडते. सरळ राहा... सरळ राहा. आणि स्वतः.”

 टेम्पोने सिग्नल तोडला होता, बारा मिलिसेकंद कुणीतरी खाल्ले होते, आणि लाज वाटत होती ती पलंगावरच्या बाईला. मीटरताईच्या हातात काही फेकण्यासारखे नव्हते. असते तर ती विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, हे काही काळ विसरायला ती तयार होती.

“तू सरळ बसली होतीस,” ती म्हणाली.

“मीटर... लावलं?”

“उद्या लावते.”

*

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचे शटर उघडण्याआधी ती मागच्या आवारात होती. पंचनामा झाला होता, विम्याचे फोटो झाले होते. तिने स्वतःचे फोटो काढले, तारीखवेळ टिपली आणि दाराचे काम करणाऱ्या जुन्या कारागिराला बोलावले. त्याला सगळे ‘दहा नंबर’ म्हणत, कारण त्याचा दहा नंबरचा पाना रोज हरवे आणि रोज त्याच्याच खिशात सापडे.

“ताई, हे दार आता उघडून काय मिळणार? याचं भजं झालंय.”

“आतलं कव्हर काढा. तुमचा पाना खिशात आहे.”

दारातल्या सेन्सरचे काम तिला तोंडपाठ होते. आपल्या विभागात नव्याने येणाऱ्याला ती पहिल्याच आठवड्यात ते सांगे. दार म्हणजे बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्यामध्ये कोंडलेली हवा. बाहेरून काही आदळले की पत्रा आत दबतो आणि ती हवा दाबली जाते. धक्क्याची लहर लोखंडातून खांबापर्यंत पोहोचायच्या आधी हवेचा दाब चढलेला असतो. दारातला दाबाचा सेन्सर ते दोनतीन मिलिसेकंदांत ओळखतो, खांबावरचा वेगबदलाचा सेन्सर होकार देतो, आणि दोघांचे एकमत झाले की संगणक ठिणगीचा आदेश सोडतो. दार जोरात आपटले, फुटबॉल लागला, कुणी लाथ मारली, तर दाब असा चढत नाही. म्हणून बॅग उगाच उडत नाही. व्यवस्था सुंदर होती. ती एकाच गोष्टीवर अवलंबून होती: हवा कोंडलेली असली पाहिजे.

दारात काच सरकते, पाणी निथळायला खाली भोके असतात. म्हणजे दार काही बाटलीसारखे बंद नसते. पण ती गळती ठरलेली असते, हिशोबात धरलेली असते. आतल्या पत्र्यातली मोठमोठी भगदाडे एक जाड शीट झाकते. काळ्या, चिकट, दोरीसारख्या गोंदाने ते शीट चारी बाजूंनी पत्र्याला चिकटवलेले असते.

दहा नंबरने चेपलेले कव्हर खेचून काढले.

शीट होते. गोंद मात्र वाळून धूळ खाऊन पडला होता, आणि त्यावरून तपकिरी चिकटपट्टीचे तुकडे लावले होते, कुरिअरच्या खोक्यावर लावतात तसले. खालच्या कोपऱ्यात पट्टी सुटली होती. शीटची कड मोकळी लोंबत होती.

“धडकेनं सुटली असेल,” दहा नंबर म्हणाला.

“असेल. ‘असेल’ला मीटर लावू. पलीकडचं दार शाबूत आहे. त्याचंही तुम्हीच केलं होतं ना काम?”

त्याने पाना खिशात टाकला.

गळती शोधायला वर्कशॉपमध्ये धुराचे यंत्र असते. इंजिनाच्या नळ्यांत धूर सोडायचा आणि तो कुठून निघतो ते पाहायचे. तिने ते ओढत आणले. आधी विक्रीसाठी आलेल्या एका कोऱ्या गाडीचे दार घेतले. आतले कव्हर उतरवून धुराची नळी शीटच्या आत सोडली. दार हळूहळू धुराने भरले. खालच्या भोकांतून बारीक दोरे निघाले, काचेच्या फटीतून एक पातळ रेघ वर आली. शीटच्या कडा कोरड्या होत्या.

मग वहिनीच्या गाडीचे दुसरे दार, ज्याला टेम्पो शिवलाही नव्हता. कव्हर उतरवले. तीच तपकिरी पट्टी. तिने नळी लावली, आणि पाच सेकंदांत खालच्या कोपऱ्यातून धूर असा बदाबदा बाहेर पडला की दहा नंबर खोकत मागे सरकला. कोपऱ्यात तळहात घालता येईल इतके तोंड उघडे होते. या दारावर बाहेरून कुणी हत्ती आदळला असता, तरी आतली हवा शांतपणे या तोंडातून बाहेर चालती झाली असती. सेन्सर वाट पाहत बसला असता. खांबाचा सेन्सर ओरडेपर्यंत.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?” तिचा आवाज इतका चढला की सर्व्हिसच्या रांगेतली दोन माणसे वळून पाहू लागली. “पुस्तकात काय लिहिलंय? एकदा काढलेलं शीट पुन्हा लावायचं नाही. नवं शीट, नवा गोंद! वाचता येत नाही का? खेळ वाटतो का हा? खोकी बांधता का तुम्ही इथं?”

दहा नंबर खालमानेने पाना फिरवत राहिला. मग त्याने हळूच मान वर केली. वयाने तो तिच्यापेक्षा मोठा होता, आणि त्याने तिला इतक्या वर्षांत कधी उलट उत्तर दिले नव्हते.

“ताई, काचेची मोहीम आठवते? मागच्या वर्षीची. काच वरखाली करणारी मशीनं बदलून द्यायची होती, फुकट. मशीनं आली आणि शीट आलीच नाहीत. दोन महिने आलीच नाहीत. मॅनेजर म्हणाले, जुनी काढा, पट्टीनं लावा, गाड्या अडकल्या आहेत. मी म्हटलं, ताईंना विचारतो.”

“मग?”

“तुम्हाला विचारलं.”

आवारात कॉम्प्रेसर सुरू झाला आणि बंद पडला.

तिला आठवले. तिला ते इतके नीट आठवले की त्या दिवशीची चहाची चव जिभेवर आली. या माणसाने पट्टी लावलेले दार दाखवले होते. तिने चावी फिरवली होती. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा लाल दिवा सहा सेकंद लागला आणि विझला. चावी फिरवली की संगणक प्रत्येक ठिणगीच्या तारेचा रोध मोजतो, प्रत्येक सेन्सरला हाक मारतो आणि सगळ्यांची ‘ओ’ आली की दिवा विझवतो. तिने शिवाय स्कॅनरही लावला होता. एकही दोष नव्हता. आणि ती म्हणाली होती, हसत, खात्रीने: “दिवा विझला ना? मग चालेल. मीटर खोटं बोलत नाही.”

मीटर खोटे बोललेच नव्हते. त्याला विचारले होते की सेन्सर जिवंत आहे का. तो म्हणाला होता, आहे. दार बंद आहे का, हे त्याला कुणी विचारलेच नव्हते. विचारले असते तरी त्याला सांगता आले नसते. मोजण्याच्या यंत्राला जे मोजता येत नाही ते नाहीच, असे मानणारा माणूस अडाणी असतो. हे वाक्य तिने स्वतः कितीतरी जणांना ऐकवले होते.

“किती गाड्या?” तिने विचारले.

“पट्टीच्या? अठ्ठावन्न.”

“आणि प्रत्येकीच्या कागदावर तपासणीची सही...”

“तुमची,” दहा नंबर म्हणाला. मग, दया येऊन असावे, “चूक आमचीपण आहे, ताई. पट्टी मीच लावली.”

त्या दयेने तिला जास्तच राग आला.

*

मॅनेजरच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात ‘सर्वाधिक जलद सेवा’ अशी अक्षरे कोरलेला करंडक होता. मागच्या वर्षीचाच. तिने त्याच्याकडे पाहिले आणि मग फोनमधला धुराचा व्हिडिओ टेबलावर ठेवला.

मॅनेजरने तो दोनदा पाहिला. माणूस मूर्ख नव्हता. दुसऱ्यांदा पाहताना त्याने दार लोटून घेतले.

“धूर आहे, ताई. धूर म्हणजे धडक नाही. हे कोर्टात टिकणार नाही.”

“कोर्टात कोण चाललंय? मी अठ्ठावन्न गाड्या परत बोलवायचं म्हणतेय. आज. शीट येईपर्यंत निदान चालवू नका म्हणून सांगायचं.”

“कुणाच्या अधिकारात? कंपनीला मेल टाकतो मी. ते अभ्यास करतील, पत्र येईल, मग रीतसर...”

“किती दिवस?”

“महिना. दीड महिना.”

“चौकात सिग्नल तोडणाऱ्यांना दीड महिना सुट्टी देणार आहात का?”

“आवाज खाली!” मॅनेजर उठला. “मला शिकवू नका. गाड्या अडकल्या होत्या, लोक इथं येऊन आमच्या नावानं बोटं मोडत होते, तेव्हा तुम्ही काय केलंत? तुम्ही म्हणालात चालेल. त्या एका शब्दावर काम झालंय. अठ्ठावन्न कागदांवर सही कोणाची आहे? माझी नाही. हे उघडलंत तर पहिली कोण बुडेल, याचा विचार केलाय?”

“केला.”

“मग?”

“मग काय? सही माझी आहे म्हणूनच मी आलेय. तुमची असती तर मी तुमची कॉलर धरली असती. माझी कॉलर मला धरता येत नाही, हाच तर त्रास आहे.” तिने हात पुढे केला. “यादी द्या.”

“नाही देणार.”

“बरं. सह्या केल्या त्या कार्डांच्या प्रती माझ्या कपाटात आहेत. मालकाचं नाव, फोन, गाडीचा नंबर. मी सगळं जपून ठेवते. वाईट सवय आहे.”

ती दारापर्यंत गेली आणि वळली. “आणि तो अहवाल. ‘चालक झुकून बसली असावी.’ त्या साहेबांना माझं पत्र आत्ता जातंय, धुराच्या व्हिडिओसकट. खाली माझी सही आहे, आणि आधीच्या सहीबद्दलही लिहिलंय.”

“ताई, ऐका. बॅग...”

“सहाव्यांदा म्हणालात तर तो करंडक माझ्या हातून फुटेल.”

*

चारला ती हॉस्पिटलमध्ये पोहोचली. काखेत कार्डांची फाइल होती. दादा चहा आणायला खाली गेला होता. आज वहिनीची नळी काढली होती. श्वास अजून तुटक होता, पण रंग परतला होता.

“लावलं... मीटर?”

“लावलं. तू सरळ बसली होतीस.”

वहिनीने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरले. मीटरताईला वाटले, इथेच थांबावे. एवढे पुरे आहे. मग तिला मॅनेजरचे ते वाक्य आठवले, जे खरे होते आणि अर्धे होते, आणि ती थांबली नाही.

तिने सगळे सांगितले. हवा, शीट, पट्टी, सात आणि एकोणीस, मधले अकरा सेंटिमीटर. मग दिवा, चहा, ‘चालेल’ हा शब्द आणि सही. “तुझी गाडी आमच्याकडे आण म्हणून मीच मागे लागले होते. तुझ्या कार्डावरही माझीच सही आहे.”

वहिनीने डोळे उघडले. ती नणंदेकडे पाहत होती, पाण्यात उतरायला घाबरणाऱ्या मुलाकडे पाहावे तसे नव्हे. पाण्यात दुसऱ्याला ढकलणाऱ्याकडे पाहावे तसे.

“चार दिवस... मी स्वतःला शिव्या देतेय,” ती म्हणाली. “चार दिवस.”

“हो.”

“आणि तुम्ही... हसत म्हणालात. चालेल.”

“हो.”

मीटरताईच्या डोळ्यांत पाणी आले. वहिनीने ते पाहिले आणि तिचा आवाज, बरगड्यांना न जुमानता, धारदार झाला.

“ते इथं नको. त्या फाइलमध्ये काय आहे?”

“बाकीच्या गाड्या. सत्तावन्न.”

“कितींना फोन केला?”

“एकालाही नाही. आधी तुला...”

“माझी धडक होऊन गेली!” वहिनी कळवळली, बरगडीवर हात दाबून धरला, आणि श्वास मिळताच पुढे बोलली. “त्यांची नाही झाली. बाहेर जा. फोन कर आधी. सगळे. रडायला... मग ये. तेव्हाही ओरडणारच आहे मी.”

पहिल्यांदाच तिने ‘वन्सं’ म्हटले नव्हते, आणि अहोजाहोही केले नव्हते.

मीटरताई बाहेर येऊन बाकावर बसली. फाइल मांडीवर उघडली आणि पहिले कार्ड काढले. फोन चौथ्या घंटेला उचलला गेला. पलीकडे रहदारीचा आवाज होता, हॉर्न होते.

“तुम्ही आत्ता गाडी चालवताय का?” तिने विचारले. “कृपया बाजूला घ्या. मी वर्कशॉपमधून बोलतेय. तुमच्या दारांचं काम आम्ही चुकीचं केलंय. बाजूनं धडक बसली तर एअरबॅग उशिरा उघडेल. दुरुस्ती होईपर्यंत गाडी वापरू नका.”

 इंडिकेटरची टकटक ऐकू आली. मग पलीकडचा माणूस हसला, मनमोकळा, निर्धास्त.

“अहो बाई, घाबरवता काय! आत्ताच चावी फिरवली. दिवा लागला, विझला. दिवा विझलाय ना? मग सगळं ठीकच असणार की.”

तिच्या बोटांत कार्ड होते. कार्डाच्या तळाशी तिची सही होती, लपेटदार, खात्रीची.

“नाही,” ती म्हणाली. “दिव्याला ते कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. गाडी बाजूला घ्या, आणि मी सांगते ते नीट ऐका.”